इंटरव्ह्यूत "लग्न झालंय का?" विचारताय? या चुका टाळा

मी एका स्पेअर पार्ट्सच्या गोडाऊनसाठी माणसं घेतो. मागे डिस्पॅच सुपरवायझरची जागा निघाली तेव्हा आमच्या जुन्या कागदावर पहिलाच प्रश्न होता, "लग्न झालंय का, मुलं लहान आहेत का, महिनाअखेरीला उशीर झाला तर घरी चालेल ना?" एका वाक्यात तीन प्रश्न, आणि एकही कामाचा नाही. बरं, हा प्रश्न फक्त बायकांनाच विचारला जायचा, पुरुषांना कधीच नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

आता यात पहिली चूक म्हणजे आपल्याला नेमकी कसली भीती आहे तेच आपण बोलत नाही. भीती लग्नाची नव्हती, महिनाअखेरीला माल मोजताना थांबावं लागतं त्याची होती. मग तेच सरळ सांगायचं: "वेळ सकाळी दहा ते सात, महिन्याचे शेवटचे दोन दिवस स्टॉक मोजायला नऊपर्यंत थांबावं लागतं, तारखा आठवडाभर आधी कळतात. हे तुम्हाला जमेल का?" हा प्रश्न हो-नाहीचाच आहे आणि तसाच असू द्या, कारण ही नोकरीची अट आहे. ती ओढूनताणून ओपन केली, म्हणजे "उशिरापर्यंत थांबण्याबद्दल काय वाटतं?" असं विचारलं, की समोरची व्यक्ती बिचारी घरची सगळी कहाणी सांगायला लागते. कुणी आपणहून मुलांचं सांगितलंच तर ते लिहून घेऊ नका, परत कामाच्या वेळेच्या प्रश्नाकडे वळा. आणि हाच प्रश्न याच शब्दांत सगळ्यांना, पुरुषांनाही. भरती करताना बाई-पुरुष भेद करायला 1976 च्या समान वेतन कायद्यातच मनाई होती आणि 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. "रात्री घरी कशा जाल?" हेही तिला विचारू नका, महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने आणि आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घरापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते, म्हणजे तो प्रश्न खरं तर आपल्यालाच आहे.

दुसरी चूक, शेवटचा "ना". "प्रेशर हँडल होतं ना?" "हो सर." "भांडण नाही ना करत ड्रायव्हरशी?" "नाही सर." दहापैकी दहा जण हेच बोलणार, कारण उत्तर आपणच त्यांच्या तोंडात घातलंय. सगळ्यांची उत्तरं सारखीच येत असतील तर आधी वाक्याचा शेवट बघा.

हा प्रश्न आम्ही असा बदलला: "गाडी निघायच्या वेळी माल आणि चलन जुळत नाही असं शेवटचं कधी झालं होतं? तेव्हा काय केलंत?" "प्रेशर" हा शब्दच काढून टाकला, कारण या कामात प्रेशर येतं ते इथेच, गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि चलनावर 48 बॉक्स पण गाडीत 46. एका बाईंनी सांगितलं, गाडी थांबवली, पुन्हा मोजलं, दोन बॉक्स रॅकमागे निघाले, नसते निघाले तर चलन आणि ई-वे बिल बदलून घेतल्याशिवाय सोडली नसती. दुसऱ्याने सांगितलं, "आम्ही अ‍ॅडजस्ट केलं." आपल्याकडे हा "आम्ही" फार येतो, नम्रतेने येतो, त्यामुळे त्यावरून माणूस बाद करू नका, फक्त विचारा, "त्यात तुम्ही स्वतः काय केलंत?" हा पुढचा प्रश्नही सगळ्यांसाठी ठेवा, नाहीतर आवडलेल्या माणसाला आपण मदत करतो आणि बाकीच्यांना नाही.

ज्यांनी गोडाऊनमध्ये कधी काम केलं नाही त्यांच्यासाठी हाच प्रसंग "असं झालं तर काय कराल?" करून विचारा, आणि चलन म्हणजे मालासोबत जाणारा कागद हे आधी सांगा. शब्द माहीत नाही म्हणून माणूस गप्प बसला तर त्याला काम येत नाही असं होत नाही.

प्रश्न फारच मोठा करणं हीसुद्धा चूकच. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की गाव, वडील, भावंडं, सगळं येतं, आणि आडनावावरून, गावावरून आपलं मत नकळत बनतं. त्याऐवजी "मागच्या नोकरीत सकाळी आल्यावर पहिल्या दोन तासांत काय काय करायचात?" असं विचारा.

आणि इंटरव्ह्यूच्या आधी लिहून ठेवा की चांगल्या उत्तरात काय असायला हवं. आमच्या प्रश्नासाठी चारच गोष्टी होत्या, गाडी थांबवली का, पुन्हा मोजलं का, कागद दुरुस्त केला का, पार्टीला कळवलं का. हे लिहिताच येत नसेल तर प्रश्न अजून कामाबद्दल झालेला नाही, मग आत्ता ते काम करणाऱ्या माणसाला तो प्रश्न विचारून बघा, तो "म्हणजे?" म्हणाला तर पुन्हा लिहा.