विभागीय व्यवस्थापकाचे मूल्यमापन कसे करावे: गुंतवणुकीवरील परतावा की अवशिष्ट उत्पन्न?

विभागाचा नफा आणि त्यात गुंतलेले भांडवल या दोनच आकड्यांवरून दोन वेगळी मापे काढता येतात. नफ्याला भांडवलाने भागले की गुंतवणुकीवरील परतावा टक्केवारीत मिळतो. नफ्यातून भांडवलाचा खर्च, म्हणजे भांडवलावर ठरलेल्या किमान दराने येणारी रक्कम, वजा केला की उरते ते अवशिष्ट उत्पन्न, आणि ते रकमेत मोजले जाते. आकडे तेच असले, तरी व्यवस्थापकाला ही दोन मापे कधी कधी परस्परविरुद्ध दिशांना ढकलतात.

पहिली पायरी: आकडे स्वच्छ करा. मुख्यालयाने वाटून दिलेला खर्च किंवा व्यवस्थापकाच्या अधिकारात नसलेली मालमत्ता हिशेबात असेल, तर ती आधी बाजूला काढावी. त्यानंतर भांडवलावर किमान किती टक्के परतावा हवा, हे कंपनीने ठरवावे. विभागाची जोखीम वेगळी असेल, तर हा दरही वेगळा असावा.

दुसरी पायरी: नवा प्रस्ताव दोन्ही मापांनी तपासा. समजा, विभागात १०० कोटी गुंतले आहेत, वार्षिक नफा २४ कोटी आहे आणि कंपनीचा किमान दर १५ टक्के आहे. परतावा २४ टक्के आणि अवशिष्ट उत्पन्न ९ कोटी झाले. आता २० कोटींचा एक प्रस्ताव आला, ज्यातून वर्षाला ३.६ कोटी, म्हणजे १८ टक्के, मिळतील. भांडवल १५ टक्क्यांनी मिळत असताना कंपनीला हा प्रस्ताव हवाच आहे. तो स्वीकारला, तर नफा २७.६ कोटी आणि भांडवल १२० कोटी होऊन परतावा मात्र २३ टक्क्यांवर उतरतो. बोनस परताव्यावर अवलंबून असलेला व्यवस्थापक असा प्रस्ताव वर पाठवणारच नाही, आणि नाकारलेल्या प्रस्तावाची नोंद कोणत्याही अहवालात येत नसल्यामुळे हे नुकसान सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही. अवशिष्ट उत्पन्न मात्र ९ वरून ९.६ कोटी होते, म्हणजे ते योग्य दिशा दाखवते.

याच्या उलट प्रकारही घडतो. १७ टक्के कमावणारी २० कोटींची मालमत्ता विकून टाकली, तर परतावा २५.७५ टक्क्यांवर चढतो आणि अवशिष्ट उत्पन्न ०.४ कोटींनी घटते. म्हणून परतावा वाढलेला दिसला, की नफा वाढला की नुसते भांडवल आटले, हे आधी पाहावे.

तिसरी पायरी: अवशिष्ट उत्पन्नाने विभागांची आपसांत तुलना करू नका. ४०० कोटींवर १६ टक्के कमावणाऱ्या विभागाचे अवशिष्ट उत्पन्न ४ कोटी येते, तर ३० कोटींवर २५ टक्के कमावणाऱ्याचे ३ कोटी. यात मोठा विभाग पुढे दिसतो तो आकारामुळे. प्रत्येक विभागाची तुलना त्याच्याच ठरलेल्या लक्ष्याशी करावी.

चौथी पायरी: घसाऱ्याचा परिणाम तपासा. माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष येथे होते, कारण परताव्याऐवजी अवशिष्ट उत्पन्न वापरले की प्रश्न सुटला, असे गृहीत धरले जाते. समजा, २० कोटींचे यंत्र चार वर्षे चालते, शेवटी त्याची काहीच किंमत येत नाही आणि दरवर्षी ७.२ कोटी रोख मिळतात. १५ टक्के दराने या रोख रकमांचे आजचे मूल्य सुमारे २०.५६ कोटी होते, म्हणजे यंत्र घेण्याजोगे आहे. समान घसारा ५ कोटी धरला, तर वार्षिक नफा २.२ कोटी राहतो. वर्षारंभीच्या पुस्तकी मूल्यावर अवशिष्ट उत्पन्न पहिल्या वर्षी उणे ०.८, दुसऱ्या वर्षी उणे ०.०५ आणि पुढच्या दोन वर्षांत ०.७ व १.४५ कोटी येते. दोन वर्षांनी बदली होणार असलेला व्यवस्थापक असे यंत्र घेणार नाही. शिवाय नफा तोच असूनही परतावा ११ टक्क्यांवरून चौथ्या वर्षी ४४ टक्क्यांवर जातो, त्यामुळे जुनी यंत्रे बदलण्याची टाळाटाळ सुरू होते. एखाद्या विभागाचा परतावा चढत असेल आणि त्याच वेळी यंत्रांचे सरासरी वय व दुरुस्तीचा खर्चही वाढत असेल, तर ही शंका घ्यावी.

पाचवी पायरी: लक्ष्य प्रस्तावातूनच घ्या. वार्षिकी पद्धतीचा घसारा लावला, म्हणजे घसारा आणि भांडवलाचा खर्च यांची बेरीज दरवर्षी समान ठेवली, तर वरच्या यंत्राचे अवशिष्ट उत्पन्न चारही वर्षे सुमारे ०.१९ कोटी येते. ही पद्धत अंतर्गत अहवालापुरती वापरता येते. दुहेरी हिशेब ठेवणे शक्य नसेल, तर मंजुरीच्या वेळीच प्रत्येक वर्षाचे अपेक्षित अवशिष्ट उत्पन्न लिहून ठेवावे आणि तेच त्या वर्षाचे लक्ष्य मानावे. मग पहिल्या वर्षी उणे ०.८ कोटी अपेक्षित असताना उणे ०.६ आले, तर व्यवस्थापकाने अपेक्षेपेक्षा चांगले काम केले, अशीच त्याची नोंद होईल.