टाइल, वीट की काँक्रीट: हॅमर कधी चालू करायचा आणि कोणत्या गिट्टीला कोणतं बिट

बाथरूममध्ये टॉवेल रॉड लावताना टाइल तडकते आणि खिडकीवर पडद्याचा रॉड लावताना भोकच पडत नाही. दोन्ही वेळा ड्रिल मशीन तेच असतं. चूक होते ती हॅमर चालू-बंद करण्याच्या निर्णयात. हा निर्णय अख्ख्या भिंतीसाठी एकदाच घेऊन चालत नाही, कारण एकाच भोकात बिट दोन-तीन वेगवेगळ्या थरांतून जातं.

साधं ड्रिल फक्त फिरतं. हॅमर ड्रिलमध्ये फिरता फिरता बिट पुढे-मागे बारीक ठोकेही मारतं. बहुतेक घरगुती मशीनवर त्यासाठी एक खटका असतो, त्यावर एका बाजूला हातोडीचं आणि दुसऱ्या बाजूला बिटाचं चित्र असतं. काँक्रीटमध्ये खडी असते. नुसतं फिरणारं बिट खडीवर घासत राहतं, टोक तापून निळं पडतं आणि भोक काही पुढे सरकत नाही. तिथे ठोके हवेतच, कारण खडी फुटून भुकटी होते ती ठोक्यांनी. विटेला एवढ्या माराची गरज नसते. नरम विटेत हॅमर चालवला की बिट हलतं आणि 6 मिमीचं भोक तोंडाशी 7-8 मिमीचं होऊन बसतं. चार इंची भिंत असेल तर पलीकडच्या बाजूचा गिलावाही उडू शकतो. म्हणून विटेत आधी हॅमर बंद ठेवून बघा. भाजलेली कडक वीट लागली आणि बिट अडलं, तरच चालू करा. नव्या इमारतींमध्ये पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, तिथे हॅमर अजिबात नको. आणि टाइलवर तर कधीच नको.

आत काय आहे हे भुकटी सांगते. सुरुवातीचे 12 ते 20 मिमी गिलाव्याचे, तिथे राखाडी भुकटी येणारच. त्यानंतर लाल भुकटी आली तर वीट, खडूसारखी पांढरी आली तर हलका ब्लॉक. राखाडीच येत राहिली आणि मशीन जोर मागू लागलं, तर बहुधा काँक्रीट. राखेच्या विटांची भुकटीही राखाडीच असते, पण त्यात बिट सहज आत जातं. खिडकी-दारावर काँक्रीटची आडवी पट्टी, म्हणजे लिंटेल असते, म्हणूनच पडद्याचा रॉड एवढा छळतो. भोक चांगलं चाललेलं असताना बिट अचानक थांबलं आणि आवाज धातूचा आला, तर सळई लागली आहे. ती कापायचा हट्ट धरू नका, दोन-तीन सेंटीमीटर सरकून नवं भोक घ्या. लिंटेलमध्ये 6 किंवा 8 मिमीची चार-सहा भोकं घरगुती हॅमर ड्रिलने होतात. त्याहून मोठी किंवा बरीच भोकं पाडायची असतील तर रोटरी हॅमर भाड्याने आणा. त्याचा ठोका आतल्या पिस्टनचा असतो, त्यामुळे हाताने रेटावं लागत नाही. त्याची बिटं मात्र वेगळ्या दांड्याची असतात, ती साध्या चकमध्ये घालू नका.

आता गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी. बिटाचा आणि गिट्टीचा आकडा एकच असला पाहिजे: 6 मिमीच्या गिट्टीला 6 मिमीचं बिट, 8 ला 8. गोंधळ होतो तो स्क्रूमुळे. दुकानात स्क्रूच्या पाकिटावर 35×8 असं लिहिलेलं असतं. त्यातला 35 म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये, पण 8 म्हणजे 8 मिमी नव्हे. तो स्क्रूच्या जाडीचा नंबर आहे आणि 8 नंबरचा स्क्रू साधारण 4.2 मिमी जाड असतो. हा आकडा बघून 8 मिमीचं बिट घेतलं आणि गिट्टी 6 ची आणली, तर गिट्टी भोकात गरगर फिरते. 8 नंबरच्या स्क्रूला 6 ची गिट्टी बरोबर बसते, 10 नंबरच्या म्हणजे सुमारे 4.8 मिमीच्या स्क्रूला 8 ची. बारीक स्क्रू मोठ्या गिट्टीत घातला तर गिट्टी फुगतच नाही, आणि सगळी पकड त्या फुगण्यातच असते.

बाथरूममधला टॉवेल रॉड घेऊन पूर्ण काम करून बघू. भिंत विटेची आहे आणि वर 8 मिमी जाडीची सिरॅमिक टाइल आहे. नळाच्या किंवा शॉवरच्या सरळ वर-खाली भोक घेऊ नका, पाइप तिथूनच गेलेला असतो. स्विचबोर्डच्या उभ्या-आडव्या रेषेतही नको, तिथे वायर असते.

टाइलवर मास्किंग टेपची फुली चिकटवा आणि खूण टेपवर करा, म्हणजे बिट घसरत नाही. हॅमर बंद, वेग कमी. भाल्यासारख्या टोकाचं 8 मिमीचं टाइल बिट लावा आणि बेताने दाबा. टाइल व्हिट्रिफाइड असेल तर हे बिट बोथट होईल. तिथे हिऱ्याचं पोकळ बिट घ्या आणि भोकावर स्पंजने थोडं थोडं पाणी लावत राहा. पाणी मशीनपर्यंत जाऊ देऊ नका, बॅटरीचं मशीन असेल तर उत्तम. करकर आवाज बदलून मऊ झाला आणि भुकटीचा रंग बदलला की टाइल पार झाली. तिथेच थांबा.

आता 6 मिमीचं मेसनरी बिट लावा. टाइलचं भोक मुद्दाम एक माप मोठं घेतलं आहे, कारण आतलं बिट टाइलच्या कडेला घासलं की कडेचा टवका उडतो. रॉडची चकती ते झाकून टाकते. गिट्टी 30 मिमी लांब आहे. ती टाइलच्या आत फुगली तर टाइल तडकेल, म्हणून तिचं तोंड पृष्ठभागापासून 10 मिमी आत जायला हवं. 10 अधिक 30, आणि भुकटीसाठी व स्क्रूच्या टोकासाठी आणखी 10-15, म्हणजे भोक 50 ते 55 मिमी खोल. तेवढ्या अंतरावर बिटाला टेप गुंडाळा. स्क्रूचा हिशेब असा: ब्रॅकेट 3, आत 10, गिट्टी 30, आणि टोक बाहेर निघायला 4, एकूण 47. म्हणजे 50×8 चा स्क्रू. ओल्या जागी स्टेनलेस स्टीलचाच घ्या.

भोकातली भुकटी ड्रॉपरने फुंकून काढा, नाहीतर गिट्टी अर्ध्यात अडकते. तोंडाने फुंकाल तर ती डोळ्यात येते, आणि ड्रिल करतानाही चष्मा हवाच. गिट्टी हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी आत गेली पाहिजे. टाइलच्या आत ढकलायला जुना स्क्रू किंवा खिळा टेकवून ठोका. स्क्रू पिळताना शेवटचे काही फेरे हाताला जड लागले तर पकड बसली. गिट्टी अंगठ्यानेच आत गेली किंवा स्क्रूबरोबर फिरायला लागली तर भोक मोठं झालं आहे. अशा वेळी काडीपेटीच्या काड्या कोंबतात, पण त्या सुकल्या की रॉड पुन्हा हलतो. तेच भोक 8 मिमीच्या बिटाने मोठं करा, 8 ची 40 मिमी लांबीची गिट्टी घाला आणि स्क्रू 10 नंबरचा घ्या. टाइलचं भोक आधीच 8 चं आहे, म्हणून आता तिथे 10 मिमीचं टाइल बिट आधी फिरवून घ्या. खोली 10 मिमीने वाढवा, स्क्रूही 60 मिमीचा लागेल. ब्रॅकेटचं भोक त्या स्क्रूला पुरतं का, हे भिंतीला हात लावण्याआधी बघून घ्या.