सर्वसाधारण सभेची नोटीस: प्रॉक्सीचा परिच्छेद आधी लिहा, बाकी नंतर

आमच्या सोसायटीत 32 सभासद आहेत. मागच्या वर्षीची वार्षिक सभेची नोटीस मी काढली होती आणि ती चुकली. तारीख, वेळ, जागा, विषय सगळं बरोबर होतं. चुकला तो एक परिच्छेद, आणि त्यापायी लिफ्टचं काम तीन महिने लांबलं. चौथ्या मजल्यावरचे आजी-आजोबा तेवढे दिवस खाली उतरू शकले नाहीत. भाजीसुद्धा कुणीतरी वर नेऊन द्यायचं. यंदा सचिवपद दुसऱ्याकडे गेलं आहे, म्हणून ही यादी त्यांच्यासाठी आणि नागपुरातल्या इतर सोसायट्यांच्या सचिवांसाठी लिहून ठेवतो आहे.

नोटीस लिहायला बसाल तेव्हा सगळ्यात आधी प्रॉक्सीचा परिच्छेद लिहा. तारीखही त्यानंतर. मी उलटं केलं होतं. कंपनीच्या भागधारकांच्या सभेची एक जुनी नोटीस हाताशी होती, तिचाच साचा उचलला. तिच्यात शेवटी असतं तसंच मी लिहिलं, 'सभेस येऊ न शकणाऱ्या सभासदांनी प्रॉक्सी पाठवावा, अर्ज 48 तास आधी द्यावा.' कंपनी कायद्यात ते चालतं. सहकारी गृहनिर्माण संस्थेत चालत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चं कलम 27 सरळ सांगतं की मताचा हक्क सभासदाने स्वतः बजावायचा, प्रॉक्सीमार्फत नाही. आदर्श उपविधी तर प्रॉक्सीला, कुलमुखत्यारपत्र घेऊन येणाऱ्याला किंवा अधिकारपत्र आणणाऱ्याला सभासदाच्या वतीने सभेत बसूही देत नाहीत. पत्रावर सही असो, नोटरी असो, फरक पडत नाही.

त्या दिवशी झालं ते सांगतो, म्हणजे हा परिच्छेद किती महाग पडतो ते कळेल. कोरमसाठी सभासदसंख्येच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांतला कमी आकडा लागतो. 32 चे दोन तृतीयांश 22 होतात, म्हणून आम्हाला 20 पुरत होते. वहीत 21 सह्या झाल्या. सव्वादहाला मी सभा सुरू केली. लिफ्ट बदलायचा ठराव 12 विरुद्ध 9 ने मंजूर झाला आणि आम्ही टाळ्या वाजवून घरी गेलो. आठवड्याने एका सभासदाने लेखी हरकत दिली. वही काढून पाहिलं तर 21 पैकी सहा जण सभासद नव्हतेच. दोघांचे मुलगे, एका घरची सून, एक भाडेकरू, एक कुलमुखत्यारपत्र घेऊन आलेले भाऊ आणि शेजाऱ्याची चिठ्ठी घेऊन आलेले एक काका. सगळे माझी नोटीस वाचूनच आले होते, त्यांची काही चूक नव्हती. त्या सहांपैकी पाच मतं ठरावाच्या बाजूने होती, एक विरोधात. ती वगळली की 7 विरुद्ध 8. मंजूर झालेला ठराव नामंजूर ठरत होता. त्याहून वाईट म्हणजे खरे हजर 15 च होते, म्हणजे कोरमच नव्हता.

नोटिशीत 'कोरम न झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी तहकूब सभा होईल' ही ओळ मी घातली होती. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग ती ओळ कामी का आली नाही? कारण आम्ही सभा तहकूब केलीच नव्हती. सहा प्रॉक्सी मोजून कोरम झाला असं समजून चाललो. प्रॉक्सी मोजले नसते तर 15 माणसांतही साडेदहाला सभा नियमाने चालली असती. एक चूक अशी दुसऱ्या बरोबर गोष्टीवर पाणी फिरवते. शेवटी विशेष सभा बोलावून सगळं पहिल्यापासून केलं.

मग जो येऊ शकत नाही त्याने काय करायचं? नोटिशीत 'प्रॉक्सी चालणार नाही' एवढंच लिहून थांबू नका. नागपुरात निम्म्या घरांची मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला असतात, फ्लॅट त्यांच्या नावावर आणि राहतात आईवडील. त्यांना कायद्यात मार्ग आहे आणि तो नोटिशीत दिसला पाहिजे. 2019 च्या दुरुस्तीनंतर सहयोगी सदस्याची व्याख्या स्पष्ट झाली आहे. सभासदाचे पती किंवा पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, भाचा-पुतण्या, भाची-पुतणी यांपैकी कुणीही सभासदाच्या लेखी शिफारशीवरून सहयोगी सदस्य होऊ शकतं आणि सभासदाच्या लेखी पूर्वसंमतीने त्याच्या जागी मत देऊ शकतं. भाडेकरू या यादीत नाही. शेजारी नाही. मित्र नाही.

'पूर्वसंमती' या शब्दावर बोट ठेवून वाचा. सहयोगी सदस्य आधीच करून घेतलेला असला पाहिजे. अर्ज समितीपुढे येऊन मंजूर झालेला असला पाहिजे आणि या सभेसाठीचं संमतिपत्र सभेआधी सचिवाच्या हातात असलं पाहिजे. म्हणजे नोटीस निघाल्यावर अर्ज आला आणि मधे समितीची बैठकच नसेल तर त्या माणसाला मत नाही. म्हणून जुलैतच फळ्यावर आणि बाहेरगावच्या सभासदांना ईमेलने कळवा, 'सप्टेंबरच्या सभेला ज्यांना येता येणार नाही त्यांनी आत्ताच सहयोगी सदस्याचा अर्ज द्यावा.' ऑगस्टची समिती बैठक त्यासाठी वापरा. आमच्या त्या सहांपैकी दोन मुलगे, सून आणि भाऊ एवढ्यानेच नियमात बसले असते. मी आधी सांगितलं नाही म्हणून चार घरांचं मत गेलं.

दुसरा मार्ग संयुक्त मालकीचा. शेअर सर्टिफिकेटवर दोन नावं असतील तर पहिलं नाव असलेल्याला मत. तो आला नाही तर दुसऱ्याला. त्याला कुणाचं पत्र लागत नाही, प्रॉक्सी म्हणायचं नाही. पण दोघं आले तरी मत एकच, पहिल्याचं. इथे भांडणं होतात. आमच्याकडे एका काकूंना 'तुमचं नाव दुसरं आहे, पण आज काका नाहीत म्हणून मत तुमचंच' हे समजावून सांगावं लागलं, कारण त्याही चिठ्ठी घेऊन आल्या होत्या. फ्लॅट कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीने नेमलेला माणूस येतो, त्याचं पत्र मागून ठेवा.

परिच्छेद असा लिहा, नव्या सचिवांनाही मी यंदा हाच दिला आहे: 'सभेत मतदान सभासदाने स्वतः हजर राहूनच करायचे आहे. प्रॉक्सी, मुखत्यारपत्र किंवा अधिकारपत्र घेऊन आलेल्या व्यक्तीस सभेत बसता किंवा मत देता येणार नाही. संयुक्त सदस्यांपैकी शेअर सर्टिफिकेटवर पहिले नाव असलेली व्यक्ती गैरहजर असल्यास त्यानंतरचे नाव असलेली व्यक्ती मत देईल. समितीने आधी मंजूर केलेले सहयोगी सदस्य सभासदाची लेखी पूर्वसंमती सभेपूर्वी सचिवाकडे दिली असल्यास मत देतील.' ठळक अक्षरात, विषयपत्रिकेच्या वर. खाली बारीक टाइपात लिहिलं तर कुणी वाचत नाही. तुमच्या नोंदणीकृत उपविधीची प्रत काढून शब्द ताडून घ्या, कारण जुन्या सोसायट्यांनी नवे उपविधी स्वीकारलेले नसतात. आणि तुमची इमारत सोसायटी नसून अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असेल, नागपुरात अशा खूप आहेत, तर तुमच्याकडे सहकार कायदा नाही, तुमचं घोषणापत्र आणि त्यातले उपविधी चालतात. तेव्हा हा परिच्छेद जसाच्या तसा उचलू नका.

आता तारीख. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत झालीच पाहिजे. आदर्श उपविधीत 14 पूर्ण दिवसांची नोटीस लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचा दिवसही धरायचा नाही. सभा 20 तारखेला असेल तर 6 ते 19 असे 14 दिवस भरतात, म्हणून नोटीस उशिरात उशिरा 5 तारखेला पोचली पाहिजे. मी म्हणेन 3 ला द्या, कारण दोन घरं हमखास बंद असतात. महालक्ष्म्यांचे दिवस टाळा, त्या दिवशी बायका घर सोडून येत नाहीत आणि त्यांची मतं जातात.

नोटीस पोचवणं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं नाही. पोचवहीत सही घ्या, बाहेरगावच्यांना पोस्टाने किंवा त्यांनी दिलेल्या ईमेलवर, शिवाय फळ्यावर. भाड्याने दिलेल्या फ्लॅटची नोटीस भाडेकरूच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. मालकाला पोचली पाहिजे. प्रॉक्सी पाठवणारे नेमके हेच लोक असतात.

जागा आणि वेळ: आवारातलं पार्किंग चालतं, पाऊस आला तर कुठे जायचं तेही लिहा. सकाळी 10. कोरम न झाल्यास 10.30 ला तहकूब सभा त्याच ठिकाणी, हे नोटिशीतच लिहावं लागतं. सभेच्या वेळी तोंडी सांगून चालत नाही.

विषयपत्रिका नेहमीचीच. मागचं इतिवृत्त, अहवाल, हिशेब, लेखापरीक्षण अहवाल, पुढच्या वर्षाचे लेखापरीक्षक, अंदाजपत्रक. मोठा खर्च असेल तर 'लिफ्टबाबत चर्चा' असं मोघम नको, एकूण रक्कम आणि प्रत्येक फ्लॅटला किती ते आकड्यात. 'आयत्या वेळचे विषय' ठेवा, पण त्यात पैशाचा ठराव घेऊ नका.

सभेच्या दिवशी: दारात टेबल, वहीत तीन रकाने. नाव, फ्लॅट आणि सभासद, संयुक्त की सहयोगी. प्रॉक्सीचा कागद घेऊन कुणी आलंच तर नोटिशीतला परिच्छेद दाखवा आणि सही घेऊ नका. कोरम मोजताना फक्त या रकान्यातली नावं मोजा. कमी पडली तर लगेच तहकूब करा, 10.30 ला पुन्हा सुरू करा आणि दोन्ही वेळा इतिवृत्तात लिहा. मतमोजणी त्याच वहीवरून. संमतिपत्रं वहीला टाचून ठेवा.