बदललेला चेहरा ओळखतात की नुसताच संशय घेतात?

प्रेक्षकांना चेहरा बदललेले व्हिडिओ ओळखता येतात का, हे तपासायचं असेल तर फक्त बनावट क्लिप दाखवू नका. निम्म्या खऱ्या ठेवा, आणि दोन्हींचे गुण वेगळे मोजा.

समजा, 20 खऱ्या आणि 20 बनावट क्लिप आहेत. एका प्रेक्षकाने 20 पैकी 16 बनावट पकडल्या. 80 टक्के! पण त्यानेच 14 खऱ्या क्लिपनाही बनावट म्हटलं, म्हणजे एकूण बरोबर उत्तरं 40 पैकी 22. त्याची नजर तीक्ष्ण नाही, तो फक्त संशयी आहे. एकच टक्केवारी दिली तर हा फरक दिसतच नाही.

दुसरी गोष्ट क्लिपच्या दर्जाची, आणि प्रयोग बहुधा इथेच फसतो. चेहरा बदलताना व्हिडिओ पुन्हा एन्कोड होतो, त्यामुळे तो किंचित धूसर दिसतो. मग लोक चेहऱ्याकडे न बघता धूसरपणावरूनच उत्तर देतात. म्हणून खऱ्या क्लिपही तितक्याच वेळा एन्कोड करा आणि शेवटी सगळ्यांना एकच कमांड लावा:

```
ffmpeg -i in.mp4 -vf scale=-2:480 -r 25 -c:v libx264 -crf 23 -an out.mp4
```

यात आवाजही निघून जातो, म्हणजे निर्णय फक्त नजरेवर राहतो.

एकाच व्हिडिओची खरी आणि बदललेली आवृत्ती एकाच प्रेक्षकाला दाखवू नका. दोन संच करून अर्ध्या-अर्ध्या गटाला द्या. क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवा. प्रत्येक उत्तरानंतर ‘कशावरून वाटलं?’ हेही विचारा. ‘जबड्याची कडा हलत होती’ आणि ‘व्हिडिओ खराब होता’ ही उत्तरं सारखी नाहीत. दुसऱ्या प्रकारची जास्त आली, तर क्लिप पुन्हा तयार करा.