धूळ-आवाजाचं सुरक्षापत्रक सोप्या मराठीत आणताना या चुका टाळा

सर्वात घातक चूक एका शब्दाची आहे. मूळ पत्रकातल्या धुळीच्या नावाचं भाषांतर बहुतेक ठिकाणी ‘श्वसनयोग्य धूळ’ असं करतात. अडखळत वाचणारा कामगार त्याचा अर्थ ‘श्वासात घ्यायला योग्य’ असा लावतो, म्हणजे नेमका उलटा! तिथे लिहा: ‘फुप्फुसात खोल शिरणारी बारीक धूळ. ही डोळ्यांना दिसत नाही.’ दुसरं वाक्य गाळू नका. नाहीतर जमिनीवर बसलेली जाड धूळ झाडली की काम झालं असं वाटतं, आणि कोरड्या झाडूने किंवा हवा मारून साफ करताना बारीक धूळ पुन्हा उडते. म्हणून लगेच पुढे: ‘झाडू नका, हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.’ जिथे पाणी चालत नाही, तिथे बारीक धुळीच्या फिल्टरचा व्हॅक्यूम लिहा. ‘मास्क लावा’ एवढंही पुरत नाही. तोंडावर बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही, आणि दाढीवर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही. या दोन्ही गोष्टी चित्रात दाखवा.

आवाजाच्या भागात आकडे फसवतात. समजा, ग्राइंडरजवळची ओळ अशी आहे: ‘91 डेसिबल, संरक्षणाविना कमाल 2 तास.’ त्यामागचा हिशेब असा, की 85 डेसिबलला 8 तास आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा: 88 ला 4 तास, 91 ला 2. पण उरलेली पाळी शांत जागी गेली तरच हे 2 तास खरे. वाचणारा मात्र ‘2 तास कान उघडे ठेवले तरी चालेल’ असं समजतो. त्याऐवजी लिहा: ‘ग्राइंडर चालू असेपर्यंत इअरप्लग कानात ठेवा. बोलायचं असेल तर आधी बाहेर जा, मग काढा.’ ही अट अतिरेकी नाही. 8 तास सारख्याच गोंगाटात असताना अर्धा तास प्लग काढले, तर उत्तम प्लगचंही संरक्षण दिवसाअखेर 12 डेसिबलपेक्षा जास्त उरत नाही. आकड्याच्या जागी खूण द्या: ‘हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं? मग प्लग घाला.’

‘प्लग योग्य रीतीने घालावेत’ या ओळीतून काहीच कळत नाही. फोमच्या प्लगसाठी पायऱ्या लिहा, एका चित्राखाली एकच: हात धुवा. प्लग बोटांत वळून बारीक करा. दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर-मागे ओढा. प्लग आत सरकवा. 30 सेकंद बोटाने धरून ठेवा. मग दोन्ही तळहात कानांवर दाबून पाहा. आवाज आणखी बराच कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. काढून पुन्हा घाला.

पत्रक छापण्याआधी चार-पाच कामगारांना दाखवा. ‘समजलं का?’ विचारलंत तर सगळे ‘हो’ म्हणतील. पत्रक हातात द्या आणि प्लग घालून दाखवायला सांगा. तो जिथे अडेल, ती ओळ बदला.