mtr मधला लॉस खरा की नुसता दिसणारा?

नेट अडखळलं की आपण mtr लावतो, मधल्याच एका ओळीत ६२% दिसतात आणि आपण लगेच प्रोव्हायडरला फोन लावतो. जरा थांबा, आधी शेवटची ओळ बघा.

```
mtr -rwn -c 100 198.51.100.7
                 Loss%   Snt   Avg
2. 10.20.0.1      0.0%   100   6.4
3. 203.0.113.9   62.0%   100   9.0
4. 203.0.113.30   0.0%   100   9.3
5. 198.51.100.7   0.0%   100  24.8
```

पाचव्या टप्प्याची पॅकेट्स तिसऱ्यातूनच गेली. तिथे खरोखर ६२ गळाली असती, तर पुढे शंभरच्या शंभर उत्तरं आली कुठून? पॅकेट पुढे ढकलण्याचं काम राउटरचं हार्डवेअर करतं. ‘टीटीएल संपला’ हे उत्तर मात्र बहुधा त्याचा प्रोसेसर बनवतो, आणि त्यावर मर्यादा घातलेली असते. मर्यादा ओलांडली की राउटर गप्प बसतो, एवढंच. खात्रीसाठी `-i 5` देऊन पॅकेट्स सावकाश पाठवा. तिसऱ्याचा आकडा धाडकन खाली आला, तर मर्यादाच.

खरा लॉस एका टप्प्यावर सुरू होतो आणि शेवटपर्यंत टिकतो. समजा, वर ०, ६२, ८, ८ असं दिसलं. त्यातले ८ खरे, बाकीचे तिसऱ्याच्या गप्प बसण्याचे. पण गळती नेमकी तिसऱ्याच्याच माथी मारू नका. उत्तरं परतताना वेगळ्या वाटेनंही येतात.

कधी शेवटचा सर्व्हरच पिंगला मोजून उत्तरं देतो. वेबसाइट असेल तर `sudo mtr -T -P 443 198.51.100.7` ने टीसीपीवरून पुन्हा बघा.