आजीच्या कार्डावरचा शेर किलोत मांडताना या चुका टाळा

जुन्या पाककृतीचा फोटो मोबाइलवर आला की लोक दोन मिनिटांत आकडे काढून वाण्याकडे यादी धाडतात. ही घाई मला अजिबात पटत नाही.

सगळ्यात जास्त घात होतो तो उभ्या रेघांनी. जुन्या लिखाणात १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. फोटोत सावली पडली किंवा कडा कापली गेली की एखादी रेघ जाते, नाहीतर ती पूर्णविराम वाटते. आमच्या नात्यात एका मुंजीसाठी बेसनाचे चारशे लाडू करायचे होते. कार्डावर शंभर लाडवांना बेसन २ शेर, तूप १। शेर, पिठीसाखर १॥। शेर. सव्वा शेर तूप 'एक शेर' वाचलं गेलं आणि चौपट करताना पूर्ण शेरभर तूप कमी पडलं. बेसन कोरडंच भाजलं गेलं, तळाला लागलं आणि लाडू वळताना फुटू लागले. म्हणून मी मूळ कार्ड उजेडात, सरळ वरून पुन्हा टिपून मागवते आणि प्रत्येक आकडा शब्दांत लिहून घरातल्या मोठ्यांकडून वाचून घेते.

दुसरी चूक म्हणजे शेर म्हणजे किलो धरणं. ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा. आज पाव किलोला आपण पावशेर म्हणतो, पण कार्डावरचा पावशेर २३३ ग्रॅमचा. सगळेच जिन्नस किलोत धरले तर प्रमाण बिघडत नाही. अर्धे किलोत आणि अर्धे शेरात धरले की बिघडतं.

मी आधी शेरातच चौपट करते, ग्रॅम शेवटी. बेसन ८ शेर, तूप ५, साखर ७. अपूर्णांक आपोआप जातात. मग ९३३ने गुणलं की बेसन साधारण ७.४६ किलो, तूप ४.६७, साखर ६.५३. एकूण २० शेर, म्हणजे साधारण १८.६६ किलो, चारशे लाडवांना. लाडू सुमारे ४७ ग्रॅमचा येतो, हे पटण्यासारखं आहे. तो पंधरा ग्रॅमचा आला असता, तर हिशेब किंवा शेर यांपैकी काहीतरी चुकलं असं समजायचं, कारण शेराचे तोळे गावोगाव वेगळे होते.

मापटं, चिपटं लिहिलं असेल तर ते वजन नव्हे, माप. मापटं अर्धा शेर, चिपटं पाव शेर, पण भांड्याने मोजलेले. घरात ते भांडं असेल तर त्यातच तो जिन्नस भरून काट्यावर ठेवा. रव्याचं आणि साखरेचं वजन एकाच भांड्यात वेगळं भरतं.

वेलची सरळ चौपट करू नका. कार्डावर तोळा असेल तर तीन तोळ्यांनी, म्हणजे ३५ ग्रॅमने सुरुवात करा आणि चव बघून वाढवा. साडेसात किलो बेसन एका कढईत भाजायचा हट्टही नको. चार घाणे करा, प्रत्येकात सव्वा शेर तूप.